१४० पानांनंतर कादंबरी हलत नाही: आधी मध्यावरचा प्रश्न तपासा

आम्ही सात-आठ लिहिणारी माणसं महिन्यातून एकदा नाशिकला गंगापूर रोडवर एकाच्या घरी जमतो आणि एकमेकांची हस्तलिखितं वाचतो. कादंबरी लिहिणाऱ्यांची एक तक्रार इथे पुन्हा पुन्हा येते: पहिली शंभर-सव्वाशे पानं झरझर झाली, आता गाडी हलत नाही. शेवट ठाऊक आहे, पात्रं डोळ्यांसमोर आहेत, लिहायला रोज बसणंही होतंय. पण प्रत्येक नवं प्रकरण आधीच्या प्रकरणासारखंच होतं. वाचणारे म्हणतात, "मधे जरा रेंगाळते." मग लिहिणारा वर्णनं कापतो, संवाद आखूड करतो, एखादं उपकथानक काढून टाकतो. पानं कमी होतात, रेंगाळणं तसंच राहतं.

माझ्या कादंबरीत हेच तीनदा झालं. चौथ्या खर्ड्यात दोष सापडला. तो भाषेत नव्हता, वेगातही नव्हता. कादंबरीच्या मध्यावर मोठी घटना होती, पण त्या घटनेनंतरही वाचक तोच प्रश्न विचारत होता जो तो पहिल्या प्रकरणापासून विचारत होता. ही दुरुस्ती कशी केली ते इथे सविस्तर मांडतो. उदाहरण माझंच घेतो, कारण त्यातल्या चुका मला आतून माहीत आहेत.

कथानक थोडक्यात असं. पिंपळगाव बसवंतच्या बाजूचं एक गाव. वैशाली, वय ३४, नवऱ्यापासून वेगळी होऊन माहेरी आलेली. वडिलांची दोन एकर द्राक्षबाग आहे आणि बागेचा सगळा हिशेब ती बघते. फेब्रुवारीत १८० क्विंटल माल किलोला ४५ रुपयांनी एका व्यापाऱ्याला दिला. ८ लाख १० हजार झाले. व्यापाऱ्याने एक लाख हातावर ठेवले, बाकीचे आठ दिवसांत देतो म्हणाला आणि फोन बंद करून गायब झाला. गावातल्या आणखी अकरा जणांचा माल त्याने नेलेला. द्राक्षपट्ट्यात राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. वैशाली ७ लाख १० हजारांच्या मागे लागते. पूर्वार्धाचा प्रश्न स्वच्छ आहे: पैसे परत मिळतील का?

हा प्रश्न १३० पानं ओढतो, आणि चांगला ओढतो. ती पॅकहाउसवर जाते, ट्रकवाल्याकडून बिल्टी मिळवते, माल तोडणाऱ्या टोळीच्या मुकादमाला गाठते, पोलिसांत स्वतःच्या नावाने फिर्याद देते. प्रत्येक प्रकरणात व्यापारी थोडा जवळ येतो. मग १३० पानांच्या आसपास असं वाटू लागतं की आता काहीतरी मोठं व्हायला हवं. सगळ्यांना तसं वाटतं, आणि खरा घोळ इथेच होतो.

जे केलं आणि फसलं

पहिल्या खर्ड्यात मी मध्यावर अडचण वाढवली. वैशाली व्यापाऱ्याच्या गोदामापर्यंत पोचते, तर कुलूप. शेजारी सांगतो, तो राज्य सोडून गेला. धक्का बसतो, पण प्रश्न तोच राहतो: पैसे मिळतील का? फक्त व्यापारी आणखी लांब गेला. मग उत्तरार्धात पुन्हा बिल्टी, पुन्हा मुकादम, पुन्हा पोलीस ठाणं, नावं तेवढी वेगळी. पहिल्या अर्ध्याची नक्कल जास्त थकलेल्या माणसांकडून करून घेतल्यासारखं ते झालं.

दुसऱ्या खर्ड्यात वडिलांना हृदयविकाराचा झटका आणला. घटना मोठी, रडवणारी. ऐंशी पानं दवाखान्यात गेली. पण वैशालीचं उद्दिष्ट इंचभर सरकलं नाही. तिला अजून तेच पैसे हवे होते, आता जरा घाईने हवे होते. मध्यावर आजारपण, अपघात, मृत्यू आणणाऱ्यांना मी हेच विचारतो: या घटनेने नायिकेला हवी असलेली गोष्ट बदलली, की तीच गोष्ट मिळवण्याची मुदत कमी झाली? मुदत कमी होणं पूर्वार्धातही चालतं. त्यासाठी मध्य खर्ची घालू नये.

तिसऱ्या खर्ड्यात मी उलटं टोक गाठलं. प्रश्न बदलायचा ना, मग पूर्णच बदलू. वैशाली व्यापाऱ्याचा नाद सोडते आणि गावातल्या बायकांना घेऊन बेदाण्याचा उद्योग सुरू करते. उद्दिष्ट नवं, प्रश्न नवा. आमच्यातल्या एका वयस्कर बाईंनी वाचून एवढंच म्हटलं, "दुसरी कादंबरी छान आहे. पहिलीचं काय झालं?" जुना प्रश्न उत्तर न मिळताच मेला होता. १३० पानं ज्या वाचकाने तो जपला, त्याला मी रस्त्यात उतरवून दिलं होतं.

या तीन फसलेल्या खर्ड्यांतून मध्यावरच्या घटनेकडून काय हवं ते कळलं. जुन्या प्रश्नाचं खरं, पूर्ण उत्तर तिथे मिळायला हवं. आणि त्याच उत्तराच्या पोटातून नवा प्रश्न निघायला हवा. पहिल्या दोन खर्ड्यांत उत्तरच नव्हतं. तिसऱ्यात उत्तर नव्हतं आणि नातंही नव्हतं.

पंचवटीत काय होतं

आपल्याकडे याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण आपल्याच गावात घडतं. अयोध्येतून निघाल्यापासून रामकथेचा प्रश्न आहे: चौदा वर्षांचा वनवास राम पार पाडील का, दिलेला शब्द टिकेल का? राक्षस येतात, ऋषी भेटतात, पण उद्दिष्ट तेच राहतं. वर्षं काढायची. पंचवटीत सीतेचं हरण होतं आणि ती वर्षं मोजणं मागे पडतं. आता प्रश्न आहे सीता कुठे आहे आणि ती परत कशी आणायची. वनात राहणारा माणूस शोधणारा होतो, पुढे लढणारा होतो.

लिहिणाऱ्याने त्यात तीन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. हरण आभाळातून पडत नाही. शूर्पणखेचं नाक कापलं जातं, तिथून खर-दूषण, तिथून रावण, अशी साखळी रामाच्याच पर्णकुटीतून निघते. जुना प्रश्नही मरत नाही. चौदा वर्षं संपताच अयोध्येला पोचायचं आहे, भरत वाट बघतोय, म्हणून उत्तरार्धावर मुदतीचं दडपण राहतं. आणि तिसरी गोष्ट जागेची. अरण्यकांड हे तिसरं कांड. उत्तरकांड बाजूला ठेवलं तर सहांपैकी तिसरं, आणि हरण त्याच्या उत्तर भागात येतं. म्हणजे जवळपास मध्य, पण टेप लावून मोजलेला नव्हे. २६० पानांच्या कादंबरीत हे वळण १२० वर आलं काय किंवा १४५ वर आलं काय, फरक पडत नाही. १८० वर आलं तर मात्र नव्या प्रश्नाला राहायला जागा उरत नाही.

सीता गुंफेबाहेरच्या गर्दीत उभं असताना हे सुचलं असं म्हणालो असतो तर बरं वाटलं असतं. प्रत्यक्षात सार्वजनिक वाचनालयात तिसरा खर्डा समोर ठेवून बसलो होतो तेव्हा सुचलं.

तुमच्या हस्तलिखितात दोष आहे का ते कसं ओळखायचं

एक कागद घ्या. वरच्या अर्ध्यात लिहा: शंभराव्या पानावर पुस्तक खाली ठेवणारा वाचक मनात काय विचारत असेल? एकच वाक्य, प्रश्नचिन्हाने संपणारं. खालच्या अर्ध्यात दोनशेव्या पानासाठी तसंच वाक्य. दोन्ही वाक्यं सारखी असली, किंवा दुसऱ्यात फक्त "तरीही", "आता तरी", "वेळेत" असा एखादा शब्द वाढला असला, तर मध्य हललेला नाही. माझ्या पहिल्या खर्ड्याची वाक्यं होती "पैसे मिळतील का?" आणि "पैसे आता तरी मिळतील का?" लिहिताना हसू आलं नाही, पोटात खड्डा पडला.

दुसरी तपासणी वेळखाऊ आहे पण खोटं बोलत नाही. उत्तरार्धातला प्रत्येक प्रसंग एकेका चिठ्ठीवर दोन ओळींत लिहा. मग प्रत्येक चिठ्ठी उचलून विचारा, हा प्रसंग मध्याच्या आधी ठेवला तर काही बिघडतं का? माझ्या पहिल्या खर्ड्यात ३१ चिठ्ठ्या झाल्या. त्यांतल्या १९ बिनदिक्कत आधी जाऊ शकत होत्या. मुकादमाची दुसरी भेट पहिल्या भेटीच्या जागी ठेवली असती तर कुणाला कळलंही नसतं. मध्याने कादंबरीचे दोन वेगळे काळ केले असतील, तर उत्तरार्धातले बहुतेक प्रसंग पूर्वार्धात टिकतच नाहीत.

तिसरी तपासणी माझी आवडती. नायिकेची क्रियापदं काढा. पूर्वार्धात वैशाली शोधते, विचारते, जाते, दार वाजवते, मागते. उत्तरार्धातही ती शोधत, विचारत, मागतच असेल, तर उद्दिष्ट बदलल्याचं तुम्ही कितीही स्वगतात लिहा, ते बदललेलं नाही.

घटना कुठे शोधायची

नवं काहीतरी बाहेरून आणायची सवय मोडायला मला वेळ लागला. शेवटी मी प्रश्न असा घातला: पैसे मिळतील का, याचं सर्वांत वाईट खरं उत्तर कोणतं? "मिळणार नाहीत" हे वाईट आहे, पण ते वाचक पहिल्या पानापासून धरून चाललाय. त्याहून वाईट उत्तर मला वडिलांमध्ये सापडलं. पैसे केव्हाच मिळालेत.

व्यापाऱ्याने वैशालीच्या वडिलांना, भाऊसाहेबांना, मार्चमध्येच तीन हप्त्यांत रोख पैसे दिले. बाकीच्या अकरा जणांना द्यायला त्याच्याकडे नव्हते. भाऊसाहेबांशी जुना व्यवहार, म्हणून त्यांचे आधी फेडले, आणि कुणाला कळू नये अशी अट दोघांनी मिळून घातली. भाऊसाहेबांनी ते पैसे पुण्यातल्या मुलाला फ्लॅटसाठी दिले. मुलीला सांगितलं नाही. ती फिर्याद द्यायला गेली तेव्हा थांबवलंही नाही, कारण थांबवलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं.

आता मध्यावर काय होतं बघा. वैशाली व्यापाऱ्याला गाठते. म्हणजे पूर्वार्धाचं तिचं काम यशस्वी होतं, आणि त्या यशातच तिचं उद्दिष्ट संपतं. मागायला पैसेच उरले नाहीत. पैसे नसल्याच्या दुःखाखाली जे होतं ते उघडं पडतं: या घरात आपण कोण आहोत? बाग सांभाळणारी आपण, आणि बागेचे पैसे कुणाचे हे ठरवणारे दुसरे. तिची फिर्याद, तिच्या सहीची, तिच्या बाबतीत खोटी ठरली आहे. बाकी अकरा जणांची तक्रार मात्र खरी आहे आणि ती तिच्याच फिर्यादीला बांधलेली आहे. ती खरं बोलली तर वडील गावात उघडे पडतात आणि अकरा घरांची केस कमकुवत होते. गप्प बसली तर खोट्या कागदावर तिची सही राहते. नवा प्रश्न: वैशाली खरं सांगेल का, आणि सांगितल्यावर तिला इथे जागा उरेल का?

हा जुन्या प्रश्नाचाच पोटचा प्रश्न आहे. म्हणून वाचक उतरत नाही, पुढच्या स्टेशनापर्यंत बसून राहतो.

इथे एक अडचण यायचीच. ही माहिती वाचकापासून लपवली ती लेखकाच्या सोयीसाठी, असं वाटता कामा नये. दडवण्याचं कारण पात्रांकडे हवं, आणि खुणा पूर्वार्धात समोर दिसत असायला हव्यात. व्यापारी फोन उचलत नाही कारण तो अकरा जणांना खरंच घाबरलाय. भाऊसाहेब पोलीस ठाण्यात येत नाहीत, गुडघा दुखतो म्हणतात, आणि त्यांचा गुडघा खरंच दुखतो. मार्चअखेर सोसायटीचा भरणा करायला पैसे नाहीत म्हणून वैशाली नाशिकला येते आणि सराफ बाजारात आईच्या चार तोळ्यांच्या पाटल्या मोडते. सराफ पाटल्या काट्यावर ठेवतो, आकडा स्थिर व्हायची वाट बघतो, आणि तेवढ्या वेळात ती मनगट दुसऱ्या हाताने झाकून घेते. संध्याकाळी ती पैसे आणून ठेवते तेव्हा वडील म्हणतात, "राहू दे, सकाळी मोजू." पूर्वार्ध वाचताना हा लाजलेला, हरलेला बाप दिसतो. मध्यानंतर तेच वाक्य आठवलं की वेगळा माणूस दिसतो. असे तीन प्रसंग पुरतात. सहा घातले तर वाचकाला साठाव्या पानावरच कळतं.

प्रत्यक्ष प्रसंग

मध्यावरचा प्रसंग लिहिताना मी पहिल्यांदा सगळं व्यापाऱ्याच्या तोंडी घातलं. तो दोन पानं बोलला, वैशाली रडली. मेलेला प्रसंग. वाचकाला सांगितलं जात होतं, त्याला कळत नव्हतं.

आता तो असा आहे. पेठ रोडला मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला एका भाड्याच्या खोलीत व्यापारी सापडतो. एप्रिल मध्यावर आहे, गावात खरड छाटणी चालू आहे, मजुरीचे पैसे द्यायचेत. ती एकच वाक्य घोकून आलेली असते. तो काही न बोलता डायरी काढतो आणि पान उघडून तिच्यापुढे सरकवतो. तीन ओळी: तीन लाख, अडीच लाख, एक लाख साठ हजार. प्रत्येक ओळीपुढे वडिलांची सही, आणि सहीखाली त्यांच्या सवयीचे दोन ठिपके. ती सह्यांकडे बघत नाही. तारखा बघते. ४ मार्च. ११ मार्च. १९ मार्च.

११ मार्चला ती सकाळी दहापासून पोलीस ठाण्याच्या बाकावर बसली होती, साहेब यायची वाट बघत. दुपारी वडिलांचा फोन आला होता. "जेवलीस का?"

बस, एवढंच. वाचकाने तो फोन चाळीस पानांपूर्वी वाचलेला आहे. वडिलांनी काय केलं हे कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही, तारीख सांगते. मध्यावर उलगडा करताना वाचकाने आधी पाहिलेल्या एका ठरावीक क्षणाला हात लावा. गोळाबेरीज सत्यापेक्षा एक तारीख, एक वस्तू, एक वाक्य खोल जातं.

मग ती डायरीच्या पानाचा फोटो काढते. हा फोटो महत्त्वाचा आहे. त्याने परतीचा रस्ता बंद होतो. कळलेलं माणूस विसरू शकतं, कळलंच नाही असं स्वतःला पटवू शकतं. फोटो फोनमध्ये राहतो.

त्यानंतर मी तिला अडीच पानं एकटी ठेवलं. पिंपळगावच्या बसमध्ये. तिथे ती काही ठरवत नाही. बाहेर छाटलेल्या बागा दिसतात, तारांवर नुसते ओलांडे, वेलींचे आडवे फाटे. माहिती नसलेल्यांसाठी सांगतो, एप्रिलची छाटणी फळासाठी नसते. फळ उतरलं की वेल मागे छाटतात, मग जी काडी येते तिच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड धरतात, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर ते दिसतात. हे मी कादंबरीत एका ओळीतही म्हटलेलं नाही. गावातला वाचक बागा बघून समजेल, शहरातल्याला त्या ओसाड दिसतील. दोन्ही चालतं.

घरी पोचल्यावर वडील विचारतात, "काही कळलं का?" ती म्हणते, "नाही."

कादंबरीतलं तिचं हे पहिलं खोटं. १३८ पानं शोधणारी, विचारणारी बाई या एका शब्दाने लपवणारी झाली. नवं उद्दिष्ट तिने कुठेही उच्चारलेलं नाही, पण क्रियापद बदललं. मध्यानंतर दोन-चार पानांत असं एक छोटं, उघड दिसणारं कृत्य हवं. ते नसलं तर वाचकाला धक्का बसतो पण दिशा कळत नाही, आणि पुढचं प्रकरण पुन्हा लोंबकळतं.

ती लगेच का सांगत नाही?

इथे माझा चौथा खर्डाही एकदा अडला. वैशालीला सगळं कळलं, वडील समोर आहेत. विचारून टाकलं तर पंधरा पानांत कादंबरी संपते. मग मी भांडण टाळण्यासाठी पाहुणे आणले, वीज घालवली, वडिलांना लग्नाला पाठवलं. लेखक दार अडवून उभा असलेला वाचकाला लगेच दिसतो.

उपाय असा की थांबण्याचं कारण नव्या उद्दिष्टातूनच यावं. मी स्वतःला विचारलं, आता तिला नेमकं काय हवंय? वडिलांची कबुली? ती मिळाली तर काय बदलतं? मग कळलं की तिला सातबारावर नाव हवंय. बाग वडिलोपार्जित आहे, २००५ च्या कायदादुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, पण गावात तो मागणारी मुलगी वाईट ठरते. हातातल्या फोटोने ती तो मागू शकते. म्हणजे जे सत्य अकरा घरांना कळायला हवं, तेच ती वडिलांशी सौदा करायला वापरू शकते. सौदा करायचा तर सत्य दाबून ठेवावं लागतं. आता तिचं गप्प राहणं तिचं स्वतःचं झालं, आणि दर आठवड्याला महाग होत गेलं. अकरांपैकी एकजण बैल विकतो. दुसऱ्याची बायको तिच्याकडे येऊन म्हणते, "ताई, तुमच्यामुळे तरी केस उभी राहिली." पूर्वार्धात पीडित असलेली वैशाली उत्तरार्धात थोडी थोडी वडिलांसारखी होऊ लागते. कादंबरी कशाबद्दल आहे ते मला इथे पहिल्यांदा समजलं.

तुमचाही उत्तरार्ध अडत असेल तर हे पडताळा: मध्यानंतर नायकाला हवी असलेली गोष्ट वस्तूच्या रूपात सांगता येते का? "स्वतःचा शोध", "न्याय", "मनःशांती" यांच्या मागे माणूस चालत जात नाही. सातबारावरच्या एका ओळीमागे जातो, तलाठ्याकडे खेटे घालतो, भावाला फोन करतो. प्रसंग तिथून मिळतात.

नव्या उत्तरार्धाच्या २८ चिठ्ठ्या झाल्या. आधी हलवता येण्याजोग्या तीनच निघाल्या. त्यांतली एक काढली, दोन तशाच ठेवल्या, कारण सलग ताण वाचणाऱ्याला दमवतो. किंमतही सांगतो: जुन्या उत्तरार्धाची जवळपास सगळी पानं गेली. मुकादमाच्या दुसऱ्या भेटीतलं उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाचं वर्णन मला फार आवडायचं, तेही गेलं.

प्रत्येक कादंबरीला हे लागू नाही. तीन पिढ्यांची, गावाची, किंवा एका माणसाच्या स्वभावाची हळूहळू उलगडणारी कादंबरी एका प्रश्नावर चालतच नाही. तिथे मध्यावर वळण कोंबलं तर ते ठिगळ दिसतं. आमच्याच मंडळातल्या एकाने देवळालीतल्या एका चाळीवर लिहिलंय, त्यात बारा घरं आहेत आणि एकही मुख्य प्रश्न नाही. तिथे मी यातलं काही सुचवलं नाही.

मागे जाऊन करायच्या दुरुस्त्या

मध्य बदलला की पूर्वार्ध जसाच्या तसा राहत नाही. मला सर्वांत मोठा बदल निवेदनात करावा लागला. आधीचे खर्डे वैशालीच्या तोंडून होते, भूतकाळात. पहिलंच वाक्य होतं, "त्या वर्षी व्यापाऱ्याने आम्हाला बुडवलं." आता हे वाक्य खोटं झालं. मागे वळून गोष्ट सांगणारी वैशाली सगळं जाणते, तरी १३० पानं जाणत नसल्याचा आव आणते. वाचक अशा निवेदकाला माफ करत नाही. "मी" ठेवून वर्तमानकाळात लिहिता आलं असतं. किंवा पहिल्याच पानावर वडिलांचं कृत्य सांगून टाकून, तिला कधी कळतं यावर ताण ठेवता आला असता. तोही चांगला मार्ग आहे, पण मग ११ मार्चच्या तारखेचा घाव गेला असता. मी तृतीयपुरुषी निवेदन घेतलं, वैशालीच्या खांद्यावरून बघणारं, तिला कळेल तेवढंच सांगणारं. १३० पानं वाक्यावाक्याने पुन्हा लिहावी लागली.

बाकी दुरुस्त्या किरकोळ होत्या. भावाचा एक फोन वाढवला, त्यात तो उगाच जास्त गोड बोलतो. वडिलांचा संशय येईल असं एक वाक्य जास्त उघड होतं, ते काढलं. आणि पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेली असताना येणारा तो फोन, "जेवलीस का?", आधीच्या तिन्ही खर्ड्यांत आईचा होता. आई तशीही रोज विचारायची. तो फोन मी वडिलांना दिला.